कोळशाची एक फेरी, भाड्याचे दोन करार: इंधन आणि बंदरखर्च कोणाच्या खात्यावर

दक्षिण आफ्रिकेच्या रिचर्ड्स बे बंदरातून ५५,००० टन कोळसा कोकण किनाऱ्यावरील एका बंदरात आणायचा होता आणि जहाज ठरवण्यासाठी जेमतेम दोन दिवस हातात होते. आयात करणाऱ्या कंपनीच्या मुंबईतील जहाज-विभागासमोर दलालाने दोन प्रस्ताव ठेवले. पहिला व्हॉयेज चार्टरचा, म्हणजे फेरीच्या कराराचा होता आणि त्याचा दर टनाला १६.७५ डॉलर होता. दुसरा टाइम चार्टरचा, म्हणजे जहाज दिवसांच्या हिशेबाने ताब्यात घेण्याचा होता. त्यात दिवसाला १५,००० डॉलर भाडे आणि जहाज रिकामे रिचर्ड्स बेपर्यंत आणल्याबद्दल १,५०,००० डॉलर एकरकमी, ज्याला व्यवसायात बॅलास्ट बोनस म्हणतात, असा हिशेब होता. महिना जूनचा होता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

हे प्रकरण अशा व्यवहारांच्या नेहमीच्या घडणीवरून मांडले आहे. त्यातील दर आणि दिवस गणित स्पष्ट व्हावे म्हणून धरलेले व गोल केलेले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट दिवसाचे बाजारभाव नाहीत. खर्चाची विभागणी मात्र प्रत्यक्ष करारांत असते तशीच ठेवली आहे.

दोन आकडे एका मापाचे नाहीत

टनाला १६.७५ डॉलर हा दर ५५,००० टनांवर ९,२१,२५० डॉलर होतो. या रकमेत जहाजमालक माल एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवण्याचे काम विकत असतो आणि ते काम करण्यासाठी जहाजाला जे जे लागेल ते त्याचे त्यानेच पाहायचे असते. प्रवासात जळणारे इंधन, दोन्ही बंदरांतील पायलट, टगबोटी, दीपगृह-शुल्क, जहाजावर आकारले जाणारे बंदर-शुल्क, एजंटाची फी, खलाशांचे पगार, विमा आणि मुळात जहाज त्या बंदरापर्यंत रिकामे आणण्याचा खर्च हे सर्व त्या एका दरात सामावलेले असते. सुक्या मालाच्या फेरीसाठी बिमको या संघटनेचा जेनकॉन हा नमुना करार सर्रास वापरला जातो. त्याच्या १९९४ च्या आवृत्तीतील १३ वे कलम ही वाटणी थोडक्यात करते: जहाजावर बसणारी शुल्के आणि कर मालकाचे, मालावर बसणारी शुल्के आणि कर चार्टररचे, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याचे. फ्रेटवर, म्हणजे वाहतुकीच्या भाड्यावर, एखाद्या देशात कर लागत असेल तर तो, वेगळे ठरवले नसल्यास, चार्टररच्याच माथी येतो.

या कलमातील एक बारकावा हिशेब तपासणाऱ्याने ध्यानात ठेवला पाहिजे. शुल्क कोणावर बसते हे पाहायचे असते, ते कशावरून मोजले जाते हे नव्हे. एखादे बंदर जहाजाचे शुल्क उतरवलेल्या मालाच्या टनांवरून मोजत असले, तरी ते शुल्क जहाजावरचे असेल तर मालकाचेच राहते. धक्क्यावरून माल नेण्याचे व्हार्फेज मात्र मालावरचे असते आणि ते आयातदारालाच भरावे लागते, मग जहाज कोणत्याही कराराखाली आलेले असो. माल चढवणे, उतरवणे आणि खणांत सपाट करणे यांचा खर्चही या प्रस्तावात चार्टररकडेच होता, आणि टाइम चार्टरमध्येही तो त्याच्याकडेच असतो. त्यामुळे तुलनेतून तो वगळला तरी चालते. ही साधी गोष्ट विसरून दोनपैकी एकाच बाजूला हमालीचा खर्च धरलेली कोष्टके मी पाहिलेली आहेत.

टाइम चार्टरमध्ये मालक वाहतूक विकत नाही, जहाजाचा आणि त्यावरील माणसांचा वेळ विकतो. न्यूयॉर्क प्रोड्यूस एक्स्चेंज या नमुन्याची १९४६ ची आवृत्ती जुनी असूनही अजून वापरात आहे, आणि तिची पहिली तीन कलमे वाचली की पैशाची सारी वाट दिसते. खलाशांचे पगार व शिधा, जहाजाचा विमा, इंजिनखोलीचे व डेकवरचे सामान हे पहिल्या कलमानुसार मालकाचे. इंधन, बंदरखर्च, पायलट, एजन्सी आणि इतर नेहमीचे खर्च दुसऱ्या कलमानुसार चार्टररचे. त्याच कलमात अपवादही आहे: जहाजाच्या स्वतःच्या कारणाने एखाद्या बंदरात शिरावे लागले, तर त्या भेटीचा खर्च मालकाचा. तिसरे कलम जहाज ताब्यात घेताना आणि परत देताना टाक्यांत असलेल्या इंधनाच्या खरेदी-विक्रीचे आहे. त्याकडे पुढे परत यावे लागेल.

म्हणून दिवसाला १५,००० डॉलर हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. चार्टररने त्यावर इंधन आणि बंदरखर्च स्वतः चढवायचे, एकूण रकमेला टनांनी भागायचे आणि मगच ती १६.७५ च्या शेजारी ठेवायची.

कागदावरचा हिशेब

रिचर्ड्स बेपासून कोकण किनारा साधारण पावणेचार हजार सागरी मैल आहे. साडेबारा नॉटच्या वेगाने जहाज दिवसाला ३०० मैल कापते, म्हणजे साडेबारा दिवस लागतात. विभागाने १३ दिवस धरले. माल भरताना ३ दिवस आणि उतरवताना ५ दिवस धरून एकूण २१ दिवस झाले. जहाज समुद्रात असताना दिवसाला २६ टन आणि बंदरात किंवा नांगरावर असताना ४ टन इंधन जाळते, असे करारात लिहिले होते. २०२० च्या १ जानेवारीपासून जहाजाच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ०.५० टक्क्यांवर आली आहे. त्या मर्यादेत बसणाऱ्या इंधनाचा भाव टनाला ६०० डॉलर धरला होता.

२१ दिवसांचे भाडे ३,१५,००० डॉलर झाले आणि बॅलास्ट बोनस १,५०,००० होताच. समुद्रातील ३३८ टन आणि बंदरांतील ३२ टन मिळून ३७० टन इंधनाचे २,२२,००० झाले. दोन्ही बंदरांच्या एजंटांनी पाठवलेल्या अंदाजपत्रकांची बेरीज १,८०,००० होती. खणांची सफाई, जहाजाशी दळणवळण आणि चार्टररच्या दायित्वाचा विमा मिळून ६,००० धरले. एकूण ८,७३,००० डॉलर, म्हणजे टनाला सुमारे १५.८७ डॉलर. फेरीच्या करारापेक्षा हे ४८,२५० डॉलरने स्वस्त होते आणि टाइम चार्टर पक्के झाले.

निर्णय घेणाऱ्यांनी बेरजेत चूक केलेली नव्हती. चूक झाली ती ४८,२५० या फरकाचा अर्थ लावण्यात. फेरीचा दर देणारी मंडळी पुष्कळदा जहाजाची मूळ मालक नसतात. ती स्वतः कोणाकडून तरी जहाज दिवसाच्या भाड्याने घेतात आणि करारात मालकाच्या जागी उभी राहतात. त्यांनीही बसून हेच २१ दिवसांचे, हेच ३७० टनांचे गणित केलेले असते आणि त्यावर काही रक्कम चढवून टनाचा दर सांगितलेला असतो. ती चढवलेली रक्कम नुसता नफा नसते. वारा, प्रवाह, इंधनाचा भाव आणि एजंटाचे फुगलेले अंतिम बिल या सर्वांचा भार उचलण्याची किंमत त्यात असते. विभागाने ते काम ४८,२५० डॉलर वाचवून स्वतःकडे घेतले. तसे घेणे चुकीचे असतेच असे नाही. पण आपण ते घेत आहोत याची टिपणात एक ओळही नव्हती.

त्या दिवशी आणखी एक सोपा भागाकार करता आला असता. समुद्रातील एका दिवसाला भाडे १५,००० आणि इंधन १५,६००, असे ३०,६०० डॉलर लागतात. ४८,२५० ला या आकड्याने भागले की दीड दिवसाहून थोडे अधिक येते. जून महिन्यात अरबी समुद्र ओलांडणाऱ्या जहाजाला दीड दिवसाचा उशीर होईल का, हा खरा प्रश्न होता.

पैसे केव्हा द्यायचे

फेरीच्या करारात फ्रेटचा मोठा हिस्सा, बहुधा ९५ टक्के, माल चढल्याची पावती असलेल्या बिल ऑफ लेडिंगवर सही झाल्यानंतर काही बँक-दिवसांत द्यायचा असतो. तोवर माल जहाजात चढलेला असतो. टाइम चार्टरमध्ये भाडे आगाऊ द्यावे लागते. या प्रकरणात पहिल्या १५ दिवसांचे २,२५,००० डॉलर, बॅलास्ट बोनसचे १,५०,००० डॉलर आणि जहाज ताब्यात घेताना टाक्यांत असलेल्या ६०० टन इंधनाचे ३,६०,००० डॉलर, असे ७,३५,००० डॉलर पहिल्याच हप्त्यात गेले. त्या वेळी कोळशाचा एक टनही चढलेला नव्हता. शिवाय दोन्ही बंदरांच्या एजंटांना अंदाजपत्रकाप्रमाणे आगाऊ रक्कम पाठवायची होती ती वेगळीच.

६०० टनांचा व्यवहार नवख्या माणसाला गोंधळात टाकतो. प्रवासाला ३७० टन लागणार असताना ६०० चे पैसे का द्यायचे? कारण टाइम चार्टर सुरू होताच टाक्यांतील सगळे इंधन चार्टररच्या मालकीचे होते आणि जहाज परत देताना उरलेले मालक ठरलेल्या भावाने विकत घेतो. दोन्ही टोकांना भाव एकच, येथे ६०० डॉलर, ठरलेला असेल आणि वाटेत इंधन भरायचे नसेल, तर अंती चार्टरर केवळ जळालेल्या टनांचे पैसे देतो. पण हा ठरलेला भाव बाजारभावापेक्षा चढा असेल तर जळणारा प्रत्येक टन मालकाला फायदा देऊन जातो. म्हणूनच दिवसाच्या भाड्यावर घासाघीस करताना अनुभवी दलाल इंधनाच्या या भावावरही तितकीच घासाघीस करतो.

फेरीच्या करारात यातले काहीही चार्टररच्या टेबलावर येत नाही. इंधन महागले तरी दर तोच राहतो. मात्र हे एका फेरीपुरते खरे आहे. वर्षभराच्या अनेक फेऱ्यांचा एकत्रित करार केला तर त्यात बहुधा इंधनाच्या भावाशी दर बांधणारे कलम असते आणि मग टनाच्या दराने पैसे देऊनही इंधनातली चढउतार चार्टररकडेच परत येते. तेव्हा ‘व्हॉयेज चार्टरमध्ये इंधन मालकाचे’ हे वाक्य कराराचे ते पान उघडून पाहिल्याशिवाय कोणी उच्चारू नये.

समुद्रात गेलेले दोन दिवस

जहाज वेळेवर भरले आणि निघाले. मोझांबिकच्या सामुद्रधुनीच्या आफ्रिकेकडील बाजूला प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, त्यामुळे उत्तरेकडे येणाऱ्या भरलेल्या जहाजाला तो समोरून लागतो. पुढे विषुववृत्त ओलांडल्यावर नैर्ऋत्य मोसमी वारे आणि त्यांनी उठवलेल्या लाटा कुशीवर व मागच्या कोपऱ्यावर येत राहतात. जहाज डुलते आणि कप्तान मालाच्या व माणसांच्या सुरक्षेसाठी वेग कमी करतो. तेरा दिवसांचा प्रवास पंधरा दिवसांचा झाला.

चार्टररची पहिली प्रतिक्रिया अशी होती की करारात साडेबारा नॉट लिहिले आहेत, जहाज तेवढे धावले नाही, म्हणजे भरपाई मागता येईल. करारातील शब्द नीट वाचले तेव्हा ही आशा मावळली. वेगाची हमी केवळ चांगल्या हवामानापुरती होती आणि चांगले हवामान म्हणजे ब्युफोर्ट मापाने ४ पर्यंतचा वारा, अर्थात १६ नॉटपर्यंत, अशी व्याख्या होती. वेगाच्या आधी ‘सुमारे’ हा शब्दही होता, आणि त्याने अर्ध्या नॉटची सूट मिळते असे सामान्यपणे धरले जाते. हवामान-विश्लेषण करणाऱ्या संस्थेच्या अहवालात पंधरांपैकी फार थोडे दिवस चांगल्या हवामानाचे निघाले आणि त्या दिवसांत जहाजाने आपला वेग राखलेला होता. जे दिवस गेले ते ६ आणि ७ च्या वाऱ्यात गेले. त्यांची हमी कोणीच दिलेली नव्हती.

त्या दोन दिवसांचे भाडे ३०,००० डॉलर आणि ५२ टन इंधनाचे ३१,२०० डॉलर, असे ६१,२०० डॉलर चार्टररच्या खात्यावर पडले. कागदावरची बचत जहाज किनाऱ्याला लागण्याआधीच संपली होती. फेरीच्या कराराखाली हेच दोन दिवस मालकाचे गेले असते. समुद्रात लागलेल्या वेळेचा चार्टररशी तेथे संबंधच येत नाही.

इंजिन बिघडून जहाज थांबले असते तर टाइम चार्टरमध्येही चित्र वेगळे झाले असते. तो वेळ ऑफ-हायर ठरतो, त्या काळाचे भाडे देय राहत नाही आणि बहुतेक करारांत त्या काळात जळलेले इंधनही मालकाच्या खात्यावर टाकले जाते. दुरुस्तीसाठी वाटेतल्या बंदरात जावे लागले तर तेथील पायलट, टग, एजंट हे सगळे दुसऱ्या कलमातील अपवादाने मालकाचे. खराब हवामानाने गेलेला दिवस आणि बिघाडाने गेलेला दिवस जहाजाच्या रोजनिशीत शेजारीशेजारी असतात, पण त्यांचे पैसे दोन वेगळ्या खिशांतून जातात. चार्टररने रोजच्या दुपारच्या अहवालात इंजिनाचे फेरे, वारा आणि वेग हे तिन्ही एकत्र वाचायचे ते यासाठीच. वारा मंद आणि फेरेही कमी दिसले तर प्रश्न विचारायचा.

नांगरावरचे सहा दिवस

कोकणातील बंदराबाहेर जहाजाला धक्का मिळेपर्यंत सहा दिवस नांगरून राहावे लागले. त्यानंतर माल उतरायला ठरल्याप्रमाणे पाच दिवस लागले. या सहा दिवसांचा खर्च भाडे ९०,००० आणि २४ टन इंधनाचे १४,४०० मिळून १,०४,४०० डॉलर झाला.

येथे बहुतेकांची अशी समजूत असते की फेरीच्या करारात हा खर्च वाचला असता. तो वाचला नसता, आणि याच कारणाने दोन करारांची तुलना नुसती ‘इंधन कोणाचे, बंदर कोणाचे’ एवढ्यावर थांबवता येत नाही. फेरीच्या प्रस्तावात माल उतरवण्याचा वेग दिवसाला १२,००० टन होता. म्हणजे ५५,००० टनांसाठी चार्टररला ४.५८ दिवसांचा लेटाइम, म्हणजे जादा पैसे न देता वापरायचा वेळ, मिळणार होता. जहाज पोहोचताच, धक्का मोकळा असो वा नसो, कप्तानाला सज्जतेची नोटीस देण्याचा अधिकार होता आणि नोटिशीनंतर १२ तासांनी लेटाइम मोजायला सुरुवात होणार होती. त्यापुढे जाणाऱ्या प्रत्येक दिवसाला १६,००० डॉलर डिमरेज, म्हणजे उशिराची भरपाई, ठरले होते.

एकूण ११ दिवसांतून ते १२ तास वजा केले, लेटाइम चालू असताना पावसाने न मोजला जाणारा अर्धा दिवस धरला आणि लेटाइमचे ४.५८ दिवस काढले, तर ५.४ दिवस उरतात. त्यांचे डिमरेज सुमारे ८६,४०० डॉलर झाले असते. लेटाइम संपल्यानंतरचा पाऊस चार्टररच्या मदतीला येत नाही. डिमरेज एकदा सुरू झाले की पाऊस, रविवार, सण या साऱ्यांसकट ते चालूच राहते, करारात स्पष्ट उलट लिहिलेले नसेल तर.

म्हणजे नांगरावरच्या इंधनाचे बिल फेरीच्या करारात मालकाकडे जाते खरे, पण डिमरेजचा दर ठरवताना मालकाने दिवसाचे भाडे आणि ते ४ टन इंधन हिशेबात घेतलेले असते. बंदरात वाया गेलेला वेळ दोन्ही करारांत, वेगवेगळ्या नावांनी, चार्टररकडेच येतो. फरक पडला तो १,०४,४०० आणि ८६,४०० यांच्यातला, म्हणजे १८,००० डॉलरचा. समुद्रातील दिवसाच्या मानाने हा फरक लहान आहे. माझ्या मते या प्रकरणातून घेण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे: जोखीम बंदरातल्या गर्दीची असेल तर व्हॉयेज चार्टर फारसे वाचवत नाही, जोखीम समुद्राची असेल तर पुष्कळ वाचवते.

एजंटाचे अंतिम बिल

जहाज गेल्यानंतर काही आठवड्यांनी माल उतरवलेल्या बंदराच्या एजंटाकडून अंतिम हिशेब आला. व्यवसायात त्याला डीए म्हणतात. अंदाजपत्रकापेक्षा तो ९,००० डॉलरने अधिक होता: नांगरण्याचे लांबलेले शुल्क, आणि वाऱ्यामुळे बंदराने धक्क्याला लावताना घ्यायला लावलेली आणखी एक टग. टाइम चार्टर असल्याने दोन्ही खर्च चार्टररचे होते. फेरीच्या करारात ते मालकाचे राहिले असते. मात्र धक्का मिळाल्यावर चार्टररच्या सोयीसाठी जहाज एका धक्क्यावरून दुसऱ्यावर हलवावे लागले असते, तर त्या हलवण्याचा खर्च आणि वेळ फेरीच्या करारातही चार्टररवर टाकण्याची प्रथा आहे.

त्याच बिलात एका खलाशाला डॉक्टरकडे नेल्याचा खर्च, खलाशांना किनाऱ्यावर आणणारी लाँच, पिण्याचे पाणी आणि कप्तानाला दिलेली रोख रक्कम अशा नोंदी होत्या. त्या मिळून २,३०० डॉलर झाले. एजंट चार्टररने नेमलेला असल्यामुळे त्याने सगळे एकाच बिलात घातले होते. या नोंदी जहाजाच्या घरखर्चाच्या आहेत, मालकाच्या खात्यावर जातात आणि चार्टररने पावत्यांसह त्या शेवटच्या भाड्यातून वळत्या करायच्या असतात. प्रत्येक ओळीला विचारण्याचा प्रश्न एकच: हा खर्च जहाज माल घेऊन या बंदरात आले म्हणून झाला, की जहाजावर माणसे राहतात आणि यंत्रे चालतात म्हणून झाला? पहिला चार्टररचा, दुसरा मालकाचा. विभागाने त्या नोंदी वेळेत ओळखल्या म्हणून त्या येथील बेरजेत आलेल्या नाहीत.

या टप्प्यावर मालकाच्या बाजूनेही एकदा पाहणे रास्त आहे, कारण ‘बंदरखर्च चार्टररचा’ ही वाटणी फक्त त्या दोघांमधली आहे. बंदराने त्या करारावर सही केलेली नसते. चार्टररने एजंटाला पैसे पाठवले नाहीत तर बंदर जहाजाकडेच बोट दाखवते. भारताच्या २०१७ च्या नौअधिकरण कायद्यात बंदराची आणि पायलटची थकबाकी ही सागरी धारणाधिकार देणाऱ्या दाव्यांमध्ये गणली आहे आणि असा दावा जहाजाची मालकी बदलली तरी जहाजाला चिकटून राहतो. तो वसूल करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयासारख्या अधिकार असलेल्या न्यायालयाकडून जहाज अडकवता येते. मालकाला आधी पैसे भरून जहाज सोडवावे लागते आणि मग ते चार्टररकडून वसूल करत बसावे लागते.

इंधनाच्या बाबतीत ही भीती अधिकच खोल आहे, कारण काही देशांत, विशेषतः अमेरिकेत, चार्टररने मागवलेल्या इंधनाचे पैसे बुडाले तर पुरवठादार जहाजावर हक्क सांगू शकतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओडब्ल्यू बंकर ही इंधन-व्यापारी कंपनी कोसळली तेव्हा अनेक जहाजमालकांसमोर प्रश्न उभा राहिला की पैसे मधल्या व्यापाऱ्याला द्यायचे की ज्याने प्रत्यक्ष टाकी भरली त्याला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘रेस कॉजिटान्स’ या जहाजाच्या खटल्यात मालकांना मधल्या व्यापाऱ्याच्या बाजूचे देणे चुकवता येणार नाही असा निर्णय दिला, जरी प्रत्यक्ष पुरवठादाराला पैसे मिळालेले नव्हते. तेथे इंधन खुद्द जहाजमालकांनीच मागवले होते. टाइम चार्टरमध्ये तर मागवणारा दुसराच असतो, म्हणून मालक करारात चार्टररला जहाजावर कोणताही बोजा निर्माण करण्यास मनाई करतो आणि कप्तान इंधनाच्या पावतीवर तशा सूचनेचा शिक्का मारतो. अनोळखी आणि लहान चार्टररकडून मालक आगाऊ भाडे आणि टाक्यांतील इंधनाचे पूर्ण पैसे पहिल्याच दिवशी का मागतो, याचे उत्तरही येथेच आहे.

शेवटचा हिशेब

अंदाजाचे ८,७३,०००, त्यावर समुद्रातील उशिराचे ६१,२००, नांगरावरचे १,०४,४०० आणि बंदराचे वाढीव ९,००० मिळून टाइम चार्टरचा खर्च १०,४७,६०० डॉलरवर गेला. फेरीच्या कराराने तोच माल त्याच परिस्थितीत ९,२१,२५० फ्रेट आणि ८६,४०० डिमरेज, म्हणजे १०,०७,६५० डॉलरमध्ये आला असता.

एवढ्यावरून टाइम चार्टर वाईट ठरत नाही. हाच व्यवहार जानेवारीत, शांत समुद्रात आणि मोकळ्या धक्क्यावर झाला असता तर ४८,२५० डॉलर खरोखरच वाचले असते. जहाज एखादा दिवस लवकर मोकळे झाले असते तर अधिकच. ज्या आयातदाराला वर्षभर महिन्याला एक जहाज लागते आणि धक्क्याची पाळी ज्याच्या हातात असते, त्याने जहाज दिवसाच्या भाड्याने घेणे समजण्यासारखे आहे, कारण वाईट फेरीची भरपाई चांगल्या फेरीतून होते. पावसाळ्यात एकच खेप आणणाऱ्याला अशी दुसरी फेरी नसते.

जहाज परत देताना दोन्ही बाजूंच्या सर्वेक्षकाने टाक्यांची खोली मोजली आणि तापमानाची दुरुस्ती करून उरलेले इंधन काढले. हिशेबाने ४४६ टन जळून १५४ टन उरायला हवे होते. मोजणीत १४८ निघाले. चार्टररने जादा जळलेल्या ६ टनांबद्दल पत्र लिहिले. मालकाने उत्तर दिले की करारात इंधनाच्या आकड्यांआधीही ‘सुमारे’ आहे, त्याची ५ टक्के सूट ४४६ टनांवर २२ टनांची होते आणि ६ टन तिच्या आतले आहेत. पत्रव्यवहार तेथेच थांबला, १४८ टनांचेच पैसे परत मिळाले आणि ३,६०० डॉलरची आणखी एक ओळ चार्टररच्या बाजूला लिहिली गेली. फेरीच्या करारापेक्षा अंतिम फरक ४३,५५० डॉलर, टनाला ७९ सेंट.